फोटोखालची ओळ

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या स्मरणिकेच्या मंडळींनी प्रत्येकाकडून आईवडिलांसोबतचा एक फोटो आणि त्याखाली छापायला एक ओळ मागितली होती. 'ओळ पंधरा शब्दांच्या आत हवी, शनिवारपर्यंत पाठवा' असा निरोप ग्रुपवर आला. फोटो मी त्याच दिवशी पाठवला. ओळ काही जमेना. तीन शनिवार गेले. शेवटी संपादक मैत्रिणीचा फोन आला, "अगं, तुझ्या फोटोत तीन म्हाताऱ्या एका मातीच्या ढिगाऱ्यावर उभ्या आहेत आणि तू त्यात नाहीसच. नक्की काय छापायचं?" मी म्हटलं, "ते मेळाव्यात सांगते, मला दहा मिनिटं दे." तिने दिली. आता ऐकून घ्या.

फोटोतली मधली माझी आई. तुमच्यापैकी निम्म्या जणांनी तिच्या हातची चटणी-भाकरी खाल्ली आहे, तेव्हा ओळख करून देत नाही.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पायावर उभी राहिले तर म्हसवडच्या सिद्धनाथाला येईन, असं तिने मनात बोललं होतं. तो नवस फेडायला मी तिला गाडीतून घेऊन निघाले. पुण्याहून फलटण, मोगराळे घाट चढून दहिवडी, मग गोंदवले आणि म्हसवड. घाट चढल्यावर हिरवळ मागे राहते आणि माणदेशाची उघडी माळरानं सुरू होतात. आईचं गाव म्हसवडपासून थोडं आत आहे. मी तिथे शेवटची गेले ती दुसरीत असताना. म्हणजे चाळीस वर्षं होत आली.

इतकी वर्षं का गेलो नाही, हे त्या भागातल्या लोकांना सांगावं लागत नाही. आजी-आजोबा गेले आणि मामा गलाईच्या धंद्यात दक्षिणेकडे गेला. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा करणारी आमच्याकडची माणसं भारतभर पसरली आहेत. मामाची मुलं तमिळ सहज बोलतात आणि मराठी थोडी अडखळत. घराला कुलूप लागलं. राहिलं चुलत घर, पण त्यांच्याशी शेताच्या बांधावरून वाकडं आलं होतं. मामाच नसेल तर मामाचा गाव कसला, असं म्हणून आईने तो विषय मिटवून टाकला होता.

देवदर्शन झाल्यावर मी म्हटलं, "आई, इथवर आलोय तर जाऊन येऊ." ती म्हणाली, "कुणाकडं? कोण आहे तिथं?" मी गाडी वळवलीच.

गावात शिरल्यावर पारावर दोन-तीन म्हातारे बसले होते. आई गाडीतून उतरायला तयार नव्हती. मी खाली उतरून आजोबांचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "त्यांची मुलगी सुनंदा, तिची मी मुलगी." म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबा त्यांना नीट आठवत होते. दोन थोरल्या मावश्यांची नावंही त्यांनी घेतली. "पर सुनंदा म्हणून त्यांना लेक न्हवती," एक जण ठामपणे म्हणाला. माझी आईच नव्हती म्हणतो हा माणूस! मला हसू आलं. तेवढ्यात दुसरा उठून गाडीपाशी गेला, काचेतून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आरं, ही तर नकुसा!"

आईने काच खाली केली आणि म्हणाली, "व्हय. नकुसाच."

मित्रांनो, मी पंचेचाळीस वर्षांची आहे आणि माझ्या आईचं नाव मला त्या दिवशी कळलं. मामा तिला 'आक्का' म्हणायचा, आजी 'बाय' म्हणायची. सुनंदा हे लग्नात ठेवलेलं नाव. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत होतीच, त्यामुळे जुनं नाव काय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. नकुसा म्हणजे नको असलेली. दोन मुलींवर तिसरी मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे देव पुढे मुलगा देतो, अशी समजूत. ही फार जुनी गोष्ट आहे असं समजू नका. २०११ साली सातारा जिल्हा परिषदेने या नावाच्या मुली शोधून काढल्या आणि साताऱ्यात समारंभ करून २८५ मुलींना नवी नावं दिली. तेव्हा पेपरात ती बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली होती. कसलं हे नाव, कसले आईबाप, वगैरे बरंच बोलले होते. ती भाजी निवडत होती. "बरं केलं त्यांनी," एवढंच म्हणाली होती.

पारावरून निरोप गेला आणि पाच मिनिटांत चुलत घरातून आईची चुलती आली. वय पंचाहत्तरच्या आसपास, काठी हातात, पण चाल आईपेक्षा चांगली. बांधाचं भांडण कुणाच्या तोंडी आलं नाही. चहा झाला, भाकरी झाली. मग चुलतआजी मला म्हणाली, "तुझ्या आयनं आमची पोटं भरल्याली हायत, ठावं हाय का तुला? चल, दावते." आणि तिने मला गावाबाहेरच्या पाझर तलावावर नेलं. आई मागे अंगणात बसून राहिली.

तो तलाव १९७२ च्या दुष्काळातला. आपल्यातल्या गावाकडच्यांना ही कामं माहीत आहेत, शहरातल्यांसाठी थोडं सांगते. त्या वर्षी पाऊस गेला, पीक गेलं, विहिरी आटल्या. सरकारने जागोजागी रस्ते, बंडिंग, पाझर तलाव अशी कामं काढली आणि लोक मजुरीवर गेले. पाझर तलाव म्हणजे ओढ्याला आडवा मातीचा बांध. पोटात काळी माती दाबून भरायची, म्हणजे बांधातून पाणी निसटत नाही. दोन्ही अंगांना मुरूम आणि पाण्याच्या बाजूला दगड रचायचे. साठलेलं पाणी कालव्याने कुठे न्यायचं नसतं. ते तळातून जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना उतरतं. बांधासाठी लागणारी माती-मुरूम जवळच खड्डे घेऊन काढायची.

गोष्ट आहे ती या खड्ड्यांची. त्यांना चौकडी म्हणतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल. गणिताच्या सरांना आनंद होईल म्हणून सांगते, घनफळ शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. मजुरी ब्रासवर. आता प्रश्न असा, की माती तर बांधावर गेली, मग खड्डा एक फूट खोल झाला हे मोजायचं कुठून? आजूबाजूची जमीन सारखी नसते. म्हणून खड्ड्याच्या मध्ये हातभर रुंदीचा मातीचा खांब न खोदता तसाच ठेवतात. त्याचा माथा म्हणजे जुनी जमीन. माथ्यापासून तळापर्यंत टेप लावायचा, जेवढं भरेल तेवढी खोली. मोजणी झाली की तो खांबही काढून टाकायचा. साधी, स्वस्त पद्धत आहे. तिच्यात भोक एकच, की सगळा हिशोब त्या खांबाच्या माथ्यावर उभा.

आजोबा जनावरं जगवायला कऱ्हाडकडे कृष्णाकाठच्या पाहुण्यांकडे गेले होते. घरच्या टोळीत आजी, ही चुलती आणि आणखी दोघी बायका. चुलती टिकाव मारायची, बाकीच्या घमेल्यांनी माती वाहायच्या. आई तेव्हा सातवीत. दुष्काळात शाळा सकाळची होती. शाळा सुटली की दप्तरासकट कामावर. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं, तिने वाहिलेली माती आजीच्या नावावर पडायची.

संध्याकाळी ती दप्तरातली फूटपट्टी काढून खांब मोजायची. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. वर्गात घनफळ शिकवलं होतं, त्याचा खेळ. पट्टी बारा इंच दाखवायची. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी मोजणी व्हायची, आणि कागदावर दहा इंच लागायचे. एकदा झालं तर चूक म्हणावी. तीन आठवडे दर वेळी दहा.

आता दोन इंच म्हणजे काय? चुलतआजी म्हणाली, "दोन बोटं माती गं, त्याचं काय एवढं?" तेव्हाही सगळ्या असंच म्हणाल्या होत्या. सातवीतल्या मुलीने त्यांना मांडून दाखवलं, की बारातले दोन म्हणजे सहावा हिस्सा. सहा चौकड्या खणल्या तर पैसे पाचांचे. सहावी फुकट. हे ऐकल्यावर मग बायका गप्प झाल्या.

रात्रीतून कोणीतरी खांबाचा माथा तासत होतं. उघड्या मातीचा खांब, वरून दोन इंच छाटला आणि हात फिरवला तर सकाळी कुणाला कळणार? गवत असतं तर मुळांवरून कळलं असतं, पण त्या साली गवत कुठलं! आणि खाली पडलेली माती खड्ड्यातल्या मातीत मिसळून जाते.

मी बांधावर उभी राहून हे ऐकत होते आणि माझ्यातली इंजिनियर जागी झाली. मी म्हटलं, "आजी, पण एकूण माती तर बांधावर मोजता येते. यांची कमी लावली तर बेरीज जुळणार कशी?" ती हसली. "तुझ्या आयनंबी ह्येच इचारलं. ती कुणाच्या तरी नावावर चढतच आसंल की." म्हणजे एका टोळीची तासायची आणि आपल्या माणसांच्या टोळीला तेवढी वाढवून लावायची. बेरीज चोख. वरून तपासणाऱ्याला काही दिसणार नाही. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. बेरीज जुळते म्हणून आतल्या नोंदी बरोबर असतात असं नाही, हे मला नोकरीत लागून चांगली पाचेक वर्षं झाल्यावर कळलं होतं.

पुढच्या आठवड्याला चौकडी आखली त्याच दिवशी आईने बायकांकडून फुटक्या बांगड्यांचे तुकडे गोळा केले आणि खांबाच्या माथ्यात दाबून बसवले. वरून माती सारखी केली. काचेची टोकं दिसतील न दिसतील अशी. खांब कुणी हात न लावता राहिला तर काचा जागेवर असणार. मोजणीच्या दिवशी सकाळी माथा स्वच्छ होता आणि काचा खालच्या मोकळ्या मातीत पडल्या होत्या. ओव्हरसियर टेप घेऊन आला, मुकादम शेजारी. आणि चुलतआजीच्या सांगण्याप्रमाणे नकुसा पुढे झाली आणि म्हणाली, "सायेब, आमच्या बांगड्या कुठं गेल्या?"

ओव्हरसियरला आधी काही समजेना. मग त्याने वाकून माती चाळली, शेजारच्या तीन चौकड्या पाहिल्या. तिथेही बायकांनी काचा लावल्या होत्या, तिथेही त्या खालीच. त्याने सगळ्यांना पुरा फूट धरला.

ते खड्डे अजून आहेत. गाळाने भरत आले आहेत, वेडी बाभूळ माजली आहे, पण ओळीने चौकोनी खळगे दिसतात. चुलतआजीने काठीने दाखवलं, "ही आमची." खरंच तीच का, हे मी ठरवू शकत नाही. पन्नास वर्षांनी एकासारखा एक खळगा.

परत आलो तर पारावरच्या म्हाताऱ्याने तीच गोष्ट सांगितली, फक्त त्याच्या गोष्टीत नकुसाने मुकादमाच्या थोबाडीत मारली होती आणि कलेक्टर आला होता. मी सगळं ऐकून घेतलं. तीन जणांकडून ऐकलेल्या गोष्टीत जे तिन्हीकडे सारखं असतं तेवढंच हाती धरावं, असं मला वाटतं. काचा तिघांच्याही गोष्टीत होत्या. तिसरी गोष्ट आईची. पण ती सांगायच्या आधी शाळेत काय झालं ते सांगते.

जिल्हा परिषदेची शाळा वाटेवरच होती. मुख्याध्यापक तरुण होते, आमच्याहून लहान. आई स्वतःच आली आहे म्हटल्यावर त्यांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. कडेने वाळवी लागलेलं, पण शाई शाबूत. सुनंदा शोधून उपयोग नव्हता हे आता मला माहीत होतं. नकुसा, पुढे आजोबांचं नाव, पुढे आडनाव. जन्मतारीख १ जून १९६०. त्याच पानावर जवळजवळ सगळ्यांची जन्मतारीख १ जून. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी वय अंदाजाने धरत आणि तारीख १ जून टाकत. कुठल्याही जुन्या नोंदींत १ जूनचा असा डोंगर दिसला की तो वाढदिवस नाही, गुरुजींची सोय आहे, हे ओळखावं. आम्ही दर वर्षी १ जूनला आईला केक आणतो! ती बिचारी कापते.

पुढचे रकाने. इयत्ता सातवी. प्रगती: चांगली. शाळा सोडल्याचा महिना मार्च १९७३. शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजर.

आता तुम्हाला एक आठवण करून देते. नववीत आपल्या वर्गशिक्षिका बाईंनी एक फॉर्म भरून घेतला होता, त्यात पालकांचं शिक्षण असा रकाना होता. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "लिही, काही नाही." आणि मी लिहिलं 'अशिक्षित'. घरी रोज पेपर वाचणारी बाई. किराण्याची बेरीज दुकानदाराच्या आधी करणारी. माझ्या डोळ्यांसमोर हे होत असताना मी तो शब्द सुवाच्य अक्षरात लिहिला. तिने विचारलं होतं, घनफळाचं गणित अडलंय का, दाखव बघू. मी म्हणाले होते, तुला नाही कळायचं.

रजिस्टरवर बोट ठेवून मी आईला विचारलं, "प्रगती चांगली लिहिलंय. तू तर म्हणायचीस, तुला शाळेचं डोकंच नव्हतं." ती काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर, मोगराळे घाट उतरताना अंधार पडला होता, तेव्हा बोलली. गाडीत तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून असेल.

ती म्हणाली, "साहेबाला मी नाही बोलले. चुलती बोलली. माझी तर जीभ टाळूला चिकटली होती. काचा तेवढ्या मी लावल्या." म्हणजे चुलती म्हणते नकुसा बोलली, नकुसा म्हणते चुलती बोलली. दोघी एकमेकींवर ढकलतात आणि दोघींनाही मान नको आहे. हे का, ते पुढच्या वाक्यात कळलं.

"तुला पुढचं सांगितलं का तिनं?" आईने विचारलं. नव्हतं सांगितलं.

पुढचं असं. त्या आठवड्याचा पुरा फूट मिळाला. आधीचे तीन आठवडे गेले ते गेलेच. ओव्हरसियर आठवड्यातून एकदा येणारा माणूस, मुकादम रोजचा. त्याने कुणाला शिवी दिली नाही की हात लावला नाही. त्याने फक्त या टोळीची जागा बदलली. आधीच्या चौकड्या बांधाच्या पायथ्याशी होत्या. नव्या आखल्या त्या पार लांब, ओढ्याच्या वरच्या अंगाला, आणि माती टाकायची बांधाच्या माथ्यावर. ब्रास तोच, शंभर घनफूटच, पण एका घमेल्याची वाट दुपटीहून लांब आणि वर चढाची. कागदावर यात कुठेही गैर काही नाही. लांबच्या टोळीलाही कोणीतरी लागतंच. आधी चार बायका आणि अर्धा दिवस एक पोरगी मिळून जी चौकडी होत होती, ती आता होईना. डोक्यावर घमेलं वाहायला आणखी एक माणूस दिवसभर पाहिजे झालं.

ते माणूस म्हणजे आई. जानेवारीत कधीतरी शाळा थांबली. गुरुजी दोनदा कामावर येऊन आजीशी बोलले. मार्चमध्ये नाव कमी झालं. पाऊस १९७३ च्या जूनमध्ये आला तेव्हा शाळा पुन्हा सुरू झाली, पण तोवर तेरा वर्षांची झाली, आता कुठं, असं झालं. सोळाव्या वर्षी लग्न.

"दुष्काळानं शाळा सुटली असं सगळे म्हणतात," आई म्हणाली. "वर्गातल्या बाकीच्या पोरी जूनमध्ये परत बसल्या की. माझी काचांनी सुटली." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि चुलतीला दिवस गेले होते, ती पण वर चढून माती टाकत होती. माझ्यामुळं. म्हणून म्हटलं, कशाला ते सांगायचं पोरांना."

चुलतीची बाजूही मी नंतर फोनवर विचारली. तिचं मूल व्यवस्थित झालं, तो मुलगा आज ट्रॅक्टर चालवतो. "पर त्या पोरीची शाळा माझ्या तोंडानं गेली," असं ती म्हणाली. पन्नास वर्षं दोघींनी आपापल्या घरी बसून हे धरून ठेवलं होतं, आणि मधे बांधाचं भांडण.

आता सहलीचा हिशोब आठवतो का? नववीतच. सहलीची वर्गणी आणि खर्च फळ्यावर लिहिला होता आणि मी उठून म्हणाले, सत्तावीस रुपये जुळत नाहीत. सरांनी तपासलं, बसचा एक आकडा दोनदा लिहिला गेला होता. त्यांनी मला शाबासकी दिली, तुम्ही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन हे आईला सांगितलं, तर तिने मला संध्याकाळभर फैलावर घेतलं. "तुला कुणी विचारलं होतं? हिशोब कळतो तर मनात ठेवावा. मधे बोलायचं नाही." मी रडले होते. माझ्या यशाचा तिला आनंदच होत नाही, असं मी आपल्या मागच्या बाकावरच्या मैत्रिणीला सांगितलं होतं. ती इथे बसली आहे, तिला आठवत असेल. पुढे नोकरीत एकदा मी एका प्रकल्पातली मोठी चूक वरिष्ठांना दाखवून दिली आणि आईला फोन केला, तर पहिला प्रश्न, "आता तुला कुठं टाकतील?" मी तेव्हा चिडले होते. खरं सांगायचं तर, नंतर मला खरोखरच दुसऱ्या टीममध्ये टाकलं होतं. तिचा प्रश्न अनुभवाचा होता, मला तो अडाणीपणाचा वाटला.

घाट उतरल्यावर मी तिला म्हटलं, "पण काचा लावायला नको होत्या असं वाटतं का तुला?" ती विचार करून म्हणाली, "लावायच्याच होत्या. पण आधी ठरवायला पाहिजे होतं, जागा बदलली तर काय करायचं. सगळ्या टोळ्यांनी मिळून सांगायला पाहिजे होतं. आम्ही चारच चौकड्यांनी लावल्या."

दोन महिन्यांनी आम्ही परत गेलो, आईच्याच हट्टाने. या वेळी ती बांधावर चढली, काठी टेकत, चुलतीचा हात धरून. तिसरी बाई फोटोत आहे ती त्याच टोळीतली, तेव्हाची नवी नवरी. तलावात गुडघाभर पाणी होतं आणि बरंचसं शेवाळ. तिघी तिथे उभ्या राहून विहिरी कुठल्या कुठल्या भरतात यावर भांडत होत्या. तेव्हा काढलेला हा फोटो.

ओळीसाठी मी आईलाच विचारलं. मी सुचवलं, 'दुष्काळात अन्यायाला वाचा फोडणारी माझी आई'. ती म्हणाली, "काही वाचा फोडली नाही, सांगितलं ना तुला." मग म्हटलं, नाव कुठलं घालू, सुनंदा की नकुसा? त्यावर ती जरा थांबली. "रजिस्टरमध्ये काय आहे?" म्हणाली. "नकुसा." "मग तेच घाल. शाळेचं पुस्तक आहे ना हे? शाळेत मी सुनंदा नव्हते." दोघींची नावं आधी आणि तिचं शेवटी हवं, हेही तिने बजावलं. दोघींच्या सुना नावं छापायला नको म्हणाल्या, म्हणून त्यांच्यापुढे नातं लिहिलं आहे. पुढे काय लिहू विचारलं, तर म्हणाली, "सातवी लिही. आणि बघ, नापास लिहू नकोस. नापास नव्हते मी."

संपादक मंडळाला विनंती, की ओळ अशीच छापावी, शब्द मोजले आहेत, अकराच भरतात:

'डावीकडून: चुलती, तिची जाऊ, आणि मध्ये नकुसा, इयत्ता सातवी, सतत गैरहजर.'